केरळचं ब्रोशर मराठीत आणताना: आजीला वाचून दाखवता येईल असं

प्रश्न: आमच्या नाशिकच्या ट्रॅव्हल ऑफिसात केरळच्या सात दिवसांच्या सहलीचं इंग्रजी ब्रोशर आहे. ते मी मराठीत केलं. एकही वाक्य सोडलं नाही, शुद्धलेखन तपासून घेतलं. तरी साहेब म्हणतात, ‘हे साबणाच्या जाहिरातीसारखं वाटतंय, घरची माणसं वाचून फोन करणार नाहीत.’ आमचे प्रवासी बहुतेक आजी-आजोबा, मुलं, सगळे मिळून येणारे. नेमकं काय बदलायचं?

उत्तर:

साहेब बरोबर बोलतायत, पण चूक तुमच्या मराठीची नाही. इंग्रजी ब्रोशर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच माणसं होती, कामाला कंटाळलेलं एखादं जोडपं. त्यांना मोह पडला की काम झालं. तुमचं ब्रोशर मात्र एका घरातल्या सहा जणांच्या हातांतून फिरणार आहे. त्यातल्या एकाला मोह पडेल, दुसरा पैसे बघेल, तिसरी विचारेल ‘आईंना हे झेपेल का?’, आणि या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सापडलं नाही तर बेत तिथेच बारगळतो.

मी अठरा वर्षं सहलींची माहितीपत्रकं लिहितो आहे. नवं काम हातात घेतलं की मूळ इंग्रजी उघडण्याआधी एक गोष्ट करतो. ऑफिसात जी व्यक्ती फोन घेते तिच्या शेजारी दोन दिवस बसतो आणि लोक काय विचारतात ते वहीत जसंच्या तसं उतरवतो. तुम्हीही हे करा. ‘नयनरम्य दृश्यं कोणती आहेत?’ असं कुणीही विचारत नाही, हे पहिल्या तासातच कळेल. ‘गाडीत सलग किती वेळ?’, ‘घाट आहे का, मुलीला गाडी लागते’, ‘तिकडे सगळं खोबरेल तेलात असतं ना?’, ‘चपाती मिळेल का?’, ‘बोटीत संडास असतो का?’, ‘पाच वर्षांच्या मुलाचे किती?’ असे प्रश्न असतात. ही वही म्हणजे तुमच्या ब्रोशरचा खरा आराखडा. इंग्रजीतून ठिकाणं, वेळा आणि सोयी घ्यायच्या. कोणतं वाक्य आधी आणि कशाला किती जागा, हे वहीवरून ठरवायचं.

आता भाषेकडे. इंग्रजी ब्रोशरमधली बहुतेक वाक्यं आज्ञेने सुरू होतात. त्या भाषेत ते लाडिक वाटतं. मराठीत ‘अनुभवा’, ‘हरवून जा’, ‘लाड करून घ्या’ असं लागोपाठ आलं की रस्त्यावरच्या होर्डिंगखाली उभं असल्यासारखं वाटतं. आपल्या घरात सहलीचं बोलणं कसं होतं ते आठवा. मामा किंवा काका कॅलेंडर पुढ्यात घेऊन म्हणतो, ‘सकाळी आठला निघायचं, वाटेत नाश्ता करायचा, दुपारपर्यंत मुन्नार.’ हे ‘निघायचं, करायचं, बघायचं’ हाच कुटुंबाच्या बेताचा सूर आहे. त्यात हुकूम नाही, आर्जव नाही, आणि ऐकणारा नकळत त्या बेतात सामील होतो. दर वाक्याला वापरलंत तर कंटाळवाणं होईल, पण प्रत्येक दिवसाची सुरुवात या सुरात करून बघा.

‘आपण’बद्दल एक सावधगिरी. ‘आपण मुन्नारला पोहोचतो’ यात लिहिणारा सोबत आहे. ‘आपण मुन्नारला पोहोचाल’ यात तो दारात उभा राहून नमस्कार करतोय. पहिला ‘आपण’ फार गोड आहे, पण तुमचा माणूस सहलीबरोबर जाणार असेल तरच तो वापरा. नुसती गाडी आणि ड्रायव्हर देणार असाल तर तो शब्द खोटी सोबत देतो, आणि कोची विमानतळावर उतरल्यावर ‘तुमचा माणूस कुठाय?’ म्हणून फोन येतो. तेव्हा साधं ‘तुम्ही’ लिहावं.

खरी अडचण मात्र त्या शब्दांत आहे, जे तुम्हाला अनुवादाची गरजच नसलेले वाटले असतील. केरळच्या ब्रोशरमध्ये असे निदान तीन शब्द आहेत. ते मराठी वाचकाला आधीच ठाऊक आहेत, पण दुसऱ्याच अर्थाने.

पहिला ‘बॅकवॉटर’. आपल्याकडे बॅकवॉटर म्हणजे धरणाच्या भिंतीमागे पसरलेलं पाणी. पानशेतचं बॅकवॉटर, कोयनेचं बॅकवॉटर. तुमच्या नाशिककराच्या मनात गंगापूर धरण उभं राहील, आणि तिथे तो रविवारी दुपारीही जाऊन येतो. त्यासाठी केरळ कशाला? मग काही जण ‘खाडी’ लिहितात. तेही फसवं आहे, कारण खाडी म्हटलं की भरती-ओहोटी, चिखल आणि खारा वास आला. आलप्पुळ्याजवळ, म्हणजे जुन्या अलेप्पीजवळ, प्रत्यक्षात जे आहे ते असं: समुद्राला समांतर पसरलेली मोठी सरोवरं, त्यांतलं सगळ्यात मोठं वेंबनाड, आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे नद्यांचे फाटे आणि कालवे. स्थानिक लोक अशा सरोवराला ‘कायल’ म्हणतात. म्हणून बॅकवॉटर हा शब्द ठेवा, कारण लोक तोच शोधतात, पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खर्च करा: ‘इथलं बॅकवॉटर म्हणजे धरणाचं पाणी नव्हे, समुद्राकाठची सरोवरं आणि गावागावांतून फिरणारे कालवे.’ या एका वाक्याने चित्र बदलतं.

दुसरा शब्द ‘हाउसबोट’. मराठी माणसाला हाउसबोट काश्मीरची माहीत. दल सरोवरातली, जागेवर बांधलेली, कोरीव लाकडाची. केरळची हाउसबोट चालते. ती मुळात भात आणि माल वाहणारी ‘केट्टुवळ्ळम’, म्हणजे खिळे न मारता काथ्याच्या दोरीने फळ्या बांधून केलेली होडी. ही चालते हेच तिचं मुख्य आकर्षण, आणि इंग्रजी ब्रोशरमध्ये ते बहुधा गृहीत धरलेलं असतं. मराठीत ते ठळकपणे सांगावं लागतं.

तिसरा ‘सफारी’. विदर्भातल्या, आणि आता नाशिक-पुण्यातल्याही कुटुंबांना सफारी म्हणजे ताडोबा: उघडी जिप्सी आणि वाघ. तेक्कडीच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पातला मुख्य कार्यक्रम म्हणजे तलावातली बोटीची फेरी. ‘व्याघ्र प्रकल्पात थरारक सफारी’ असं लिहिलंत तर आठ वर्षांचा मुलगा दीड तास वाघ शोधेल आणि शेवटी रडेल. तो रडला की आई-वडिलांची त्या दिवसाची आठवणही तीच राहते. तिथे मी असं लिहितो:

‘पेरियारचा तलाव १८९५ साली धरण बांधलं तेव्हा तयार झाला. तेव्हा बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे अजून पाण्याबाहेर डोकावतात आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. आपण जीपने नाही, बोटीने फिरायचं. काठावर सांबर आणि गवे दिसण्याची शक्यता चांगली. हत्ती पाण्यावर येतात ते नशिबाने, उन्हाळ्यात जरा जास्त. वाघ या जंगलात आहे, पण बोटीतून तो दिसेल अशी आशा धरू नका. मुलांसाठी दुर्बीण असेल तर बरोबर घ्या.’

हे वाचून साहेब म्हणतील, ‘वाघ दिसणार नाही असं आपणच लिहायचं?’ त्यांना सांगा, लिहायचं. एका ठिकाणी तुम्ही ‘नाही’ म्हटलंत की बाकीच्या पानांवरचं ‘हो’ लोक खरं धरतात. जाहिरातीचा वास येतो तो विशेषणांमुळे कमी आणि सगळंच छान असल्यामुळे जास्त.

आता हाउसबोटीचा परिच्छेद पूर्ण करून दाखवतो, कारण सात दिवसांत कुटुंबाला सर्वांत जास्त शंका याच रात्रीबद्दल असतात. तुमच्याकडे साधारण असं असेल: ‘शांत बॅकवॉटर्सच्या कुशीत स्वतःला हरवून जा. जिथे वेळ थांबतो अशा आलिशान तरंगत्या महालात आपले लाड करून घ्या आणि नारळाच्या झुलत्या झाडांच्या साक्षीने सूर्यास्ताची जादू अनुभवा.’ चुकीचं असं काही नाही यात. पण वाचून झाल्यावर घरातल्या कुणालाही एकही गोष्ट कळलेली नसते. मी ते असं करीन:

‘दुपारी बाराच्या सुमाराला आलप्पुळ्याच्या धक्क्यावर बोटीत चढायचं. काश्मीरची हाउसबोट जागेवर उभी असते, ही चालते. जेवण बोटीतच शिजतं: भात, सांबार, दोन भाज्या, पापड, मासे खाणाऱ्यांना तळलेला करीमीन, म्हणजे गोव्यातलं काळुंदर. बोट कालव्यांतून निघाली की घरांच्या पायऱ्या अगदी पाण्यात उतरलेल्या दिसतात. कुणी भांडी घासत असतं, कुणी छोट्या होडीतून किराणा आणत असतं. बांधापलीकडे बघा: भाताची शेतं पाण्याच्या पातळीच्या खाली आहेत. कुट्टनाडमधली ही शेती समुद्रसपाटीहूनही खाली होते, मुलांच्या भूगोलात कामाला येईल. शेकड्यांनी बदकं एकदम रस्ता ओलांडतात तेव्हा बोटही हळू होते. संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला लागते आणि सकाळपर्यंत तिथेच राहते, कारण रात्री कोळी जाळी टाकतात. खोलीला जोडून संडास-बाथरूम आहे. एसी रात्री नऊ ते सकाळी सहा. आजी-आजोबांसाठी: धक्क्यावरून बोटीत एक उंच पायरी चढावी लागते, हात द्यायला बोटीवरची माणसं असतात. लहान मुलांना पुढच्या उघड्या भागात एकटं सोडू नका.’

दोन्ही मजकूर शेजारी ठेवून बघा. सूर्यास्त मी लिहिलेला नाही, कारण तो नाशिकमध्येही होतो. बदकं लिहिली, कारण ती त्याच पाण्यात भेटतात आणि ऐकल्याबरोबर सात वर्षांची मुलगी म्हणते, ‘आपण जाऊ या ना.’ बोट संध्याकाळी थांबते हेही सांगितलं. हे न सांगितल्यामुळे ‘रात्रभर फिरवतो म्हणाले होते’ ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. एसीच्या वेळा आणि जेवणातले पदार्थ मात्र माझ्या परिच्छेदातून उचलू नका. बऱ्याच बोटींवर असंच असतं, पण तुमच्या बोटवाल्याशी ठरलेलं काय आहे ते विचारून तेच लिहा.

अंतरं आणि उंची याबाबत इंग्रजी ब्रोशर आकडा देऊन मोकळं होतं. कुटुंबाला आकड्यापेक्षा तुलना कळते. कोची विमानतळापासून मुन्नार साधारण ११० किलोमीटर. नाशिकच्या माणसाला ११० किलोमीटर म्हणजे दोन तास वाटतात. तिथे साडेतीन-चार तास लागतात, कारण नेरियमंगलमनंतर घाट सुरू होतो. हे लिहा, आणि सोबत लिहा की वाटेत चीयप्पारा आणि वालरा हे धबधबे रस्त्यालगत आहेत, तिथे उतरून पाय मोकळे करता येतात, आणि गाडी लागणाऱ्यांनी गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी घ्यावी. मुन्नार सुमारे १,५०० ते १,६०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून उंच, जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकं (कळसूबाई १,६४६ मीटर). एवढं वाचलं की स्वेटर घ्यायचा की नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुन्नारच्या पानावर नीलकुरिंजी असतेच. ‘बारा वर्षांतून एकदा फुलणारं दुर्मीळ जादुई फूल’ असं तुम्ही केलं असेल. शेवटचा मोठा बहर २०१८ साली आला. म्हणजे यंदा जाणाऱ्या कुटुंबाला तो दिसणार नाही, आणि ब्रोशरमध्ये निळ्या डोंगराचा फोटो असेल तर खाली हे लिहायलाच हवं. पण इथे मराठी वाचकाशी जोडणारा एक धागा आयता मिळतो: कुरिंजी आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच कुळातली. सात वर्षांनी फुलणारी कारवी ज्यांनी हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर किंवा भीमाशंकरला पाहिली आहे, त्यांना हे एवढंच वाक्य पुरतं. एरविकुळम उद्यानात निलगिरी ताहर हा डोंगरी बकरा अगदी जवळून दिसतो, तो मात्र खरोखर मुलांचा कार्यक्रम आहे. तिथे वनखात्याच्या बसने वर जायचं आणि पुढे डांबरी चढावर चालायचं, जमेल तिथून परत फिरता येतं. साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ताहरांच्या विणीसाठी उद्यान बंद असतं, म्हणून त्या तारखांच्या सहलीसाठी हे पान वेगळं करावं लागेल. दिवाळीच्या सहलीलाही एक वाक्य वेगळं हवं: आपला पाऊस तेव्हा परतलेला असतो, पण केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस असतो, बहुधा दुपारनंतर गडगडाटासह. छत्री घ्या आणि बाहेरचं बघणं सकाळी उरका, एवढं पुरे.

‘गॉड्स ओन कंट्री’ या घोषवाक्याचं ‘देवभूमी’ करू नका. आपल्याकडे देवभूमी म्हणजे उत्तराखंड, थोडंफार हिमाचल. वाचक चारधामच्या पानावर गेल्यासारखा गोंधळतो. ते केरळ पर्यटनाचं घोषवाक्य आहे, ठेवायचं तर देवनागरीत जसंच्या तसं ठेवा, नाहीतर गाळा. मी गाळतो.

एक गोष्ट नाशिकमुळे तुम्हाला कदाचित लागणार नाही, पण तुमची रत्नागिरी-सिंधुदुर्गात एजंट मंडळी असतील तर लागेल. कोकणातल्या कुटुंबाला नारळ, पोफळी, फणस, जांभा आणि कौलारू घरं ही केरळची वैशिष्ट्यं म्हणून सांगायची नाहीत. परशुरामाने समुद्र हटवून जमीन काढल्याची गोष्टसुद्धा दोन्हीकडे तीच. तो माणूस म्हणेल, ‘हा तर आमचाच परसू!’ त्याच्यासाठी चहाचे मळे आणि समुद्रसपाटीखालची शेती पुढे आणा. मराठवाड्यातल्या घरासाठी उलट: बारमाही पाण्याने भरलेले कालवे हीच त्यांच्यासाठी पहिली ओळ.

‘कुटुंबाला आवडेल असं’ करताना आणखी एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. पूर्वी मी प्रत्येक पानावर हसरी आजी, खोडकर चिंटू आणि त्यांचे संवाद घालत असे. तीही जाहिरातच झाली, फक्त नऊवारी नेसलेली. तसंच ‘अस्सल घरगुती मराठी जेवण’. तुमचा स्वयंपाकी सोबत जात असेल तरच ते लिहा. नसेल तर खरं सांगा: ‘हॉटेलांत रोज चपाती किंवा पराठा मिळतो, भात बऱ्याचदा जाड, लालसर दाण्याचा असतो, पांढरा मागितला तर मिळतो, स्वयंपाकात खोबरेल तेल असतं, नको असेल तर आधी सांगा, उपासासाठी फळं आणि दही मिळतं, साबुदाणा घरून घ्या.’ यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या हॉटेलांशी बोलून पक्कं करा. माझ्या अनुभवात ही चार ओळींची चौकट लोक इतर कुठल्याही पानाच्या आधी वाचतात.

आता जिथे हात लावायचा नाही ते. सहलीच्या कार्यक्रमात ‘भेट’, ‘बाहेरून पाहणे’ आणि ‘फोटोसाठी थांबा’ या तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिल्यात प्रवेशशुल्क तुमच्याकडे असू शकतं, दुसऱ्या दोन्हींत गाडी फक्त थांबते. एका कंपनीसाठी लिहिताना मी मजकूर रसाळ करण्याच्या नादात ‘चहाच्या मळ्यासाठी फोटो थांबा’चं ‘चहाच्या मळ्यात मनसोक्त भटकंती’ केलं. मळा खाजगी होता, कुंपणाला कुलूप. पहिल्याच गटाने रस्त्याच्या कडेला उभं राहून ड्रायव्हरशी भांडण केलं, आणि कंपनीला काही रक्कम परत करावी लागली. तेव्हापासून माझा नेम आहे: वर्णनात क्रियापद बदललं की इंग्रजी कार्यक्रमपत्रिकेत बोट ठेवून बघायचं, ती क्रिया तिथे आहे का. दर, मुलांच्या वयाची मर्यादा, रद्द करण्याच्या अटी यांत तर शब्दही इकडचा तिकडे करू नये. फक्त ‘स्वखर्चाने’ आणि ‘दरात समाविष्ट’ हे दोनच शब्द सगळीकडे सारखे वापरा. कुठे ‘विनामूल्य’, कुठे ‘कॉम्प्लिमेंटरी’, कुठे ‘मोफत’ असं झालं की लोकांना त्यांत फरक आहे असं वाटतं.

गावांची नावं इंग्रजी अक्षरांवरून वाचू नका, मल्याळम उच्चारावरून लिहा. तिकडे इंग्रजीत ‘टीएच’ बहुधा ‘त’साठी लिहितात, म्हणून तेक्कडी, थेक्कडी नव्हे, तिरुवनंतपुरम, थिरुवनंथपुरम नव्हे. ‘झेडएच’ दिसला की आपला ‘ळ’ जवळचा: आलप्पुळा, कोळिकोड. ‘आलप्पुझा’ छापलेलं दिसतं तेव्हा मला वाईट वाटतं. हिंदी-इंग्रजीला ज्या अक्षराची अडचण होते ते आपल्याकडे आयतं असताना आपण ‘झ’ लिहितो. पहिल्यांदा ‘आलप्पुळा (अलेप्पी)’ असं द्या, कारण रेल्वेच्या जुन्या प्रवाशांना अलेप्पीच माहीत असतं.

मजकूर झाला की छापखान्यात पाठवण्याआधी घरातल्या साठीपुढच्या व्यक्तीला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही फक्त ऐका. जिथे त्या अडखळतील तिथे शब्द जड आहे. जिथे त्या नुसत्या ‘हं’ म्हणून पुढे जातील तो परिच्छेद काढून टाकला तरी चालेल. आणि जिथे वाचणं थांबवून त्या काहीतरी विचारतील, तो प्रश्न तुमच्या वहीत आहे का बघा. नसला तर वहीत लिहा, उत्तर कार्यक्रमपत्रिकेतून किंवा हॉटेलकडून काढा आणि त्याच पानावर घाला.